वजन वाढवायचंय, पण शाकाहारी आणि खिसा हलका? रोजच्या तीस रुपयांत बसणारं गणित

वजन कसं कमी करायचं हे सांगणारे शेकडो रील्स रोज समोर येतात. वजन वाढत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला मात्र दोनच सल्ले मिळतात. पहिला, "भरपूर खा". दुसरा, "अंडी-चिकन सुरू कर, नाहीतर पावडर घे". जो शाकाहारी आहे आणि ज्याच्याकडे महिन्याला पाच-सहा हजारांची पावडर घ्यायला पैसे नाहीत, त्याला या दोन्हीचा काही उपयोग नसतो.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष कमी वजनाचे आहेत. म्हणजे साधारण सहा जणांत एक. इथे कमी वजन म्हणजे बीएमआय १८.५ च्या खाली. आपला बीएमआय काढायचा असेल तर किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, इतकं ते सोपं आहे.

स्वस्तात आणि शाकाहारी राहून वजन वाढवता येतं. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात त्यासाठी लागणारं जवळपास सगळं पिढ्यान्पिढ्या आहे. अडतं ते बहुतेक वेळा काय खायचं यापेक्षा कशावर किती खायचं आणि कधी खायचं यावर. एक उदाहरण घेऊन हे नीट पाहू.

"मी तर भरपूर खातो"

समजा, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक २१ वर्षांचा मुलगा आहे. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ४८ किलो. त्याचा बीएमआय येतो १७. त्याला १८.५ पर्यंत पोचायचं तर वजन साधारण ५२ किलो हवं. म्हणजे चार किलो. ऐकायला हे फार वाटत नाही, पण दोन वर्षं झाली तरी काटा हलत नाही.

त्याचं खाणं पाहू. दोन वेळा मेस. प्रत्येक वेळी चार पातळ पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी आमटी किंवा वरण आणि थोडा भात. एका जेवणातून साधारण साडेसातशे कॅलरी मिळतात. दिवसभरात तीन कप चहा, चार बिस्किटं आणि संध्याकाळी कधी पोहे, कधी वडापाव. सगळं मिळून दिवसाला दोन हजारांच्या आसपास कॅलरी होतात. आता गंमत पाहा. या वयाच्या, या बांध्याच्या आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचं शरीर दिवसाला जवळपास तेवढंच खर्च करतं. जेवढं येतं तेवढं जातं. म्हणून वजन घटतही नाही आणि वाढतही नाही.

"मी भरपूर खातो" हे त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्याचं पोट खरंच भरतं. पण पोट भरतं ते आकारमानाने, कॅलरीने नव्हे. पातळ आमटी, पाण्यात शिजलेला भात, कोबीची भाजी आणि जेवणाआधी प्यायलेलं ग्लासभर पाणी हे सगळं जागा खूप घेतं आणि ऊर्जा कमी देतं. याउलट मूठभर शेंगदाणे जागा घेतच नाहीत म्हटलं तरी चालेल, पण त्यातून जवळपास तीन पोळ्यांएवढी ऊर्जा मिळते. कमी भूक असलेल्या माणसाने जास्त ताटं संपवायचा प्रयत्न केला तर तो चार दिवसांत कंटाळतो. त्याने ताट तेवढंच ठेवून त्यातला प्रत्येक घास जड करायला हवा. वजन वाढवण्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

म्हणून सुरुवात करताना आधी तीन दिवस जे जे तोंडात जातं ते वहीत लिहून काढावं. चहासुद्धा. बहुतेकांना यातून एकच गोष्ट कळते, की सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात पोटात चहाशिवाय काहीच गेलेलं नसतं.

आधी एक तपासणी

खाणं वाढवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. वजन पहिल्यापासून कमी आहे, की अलीकडे कमी झालं? लहानपणापासून शेलाटी असलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. पण गेल्या काही महिन्यांत काहीही न करता वजन उतरलं असेल, तर शेंगदाण्यांच्या आधी डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम येणं ही क्षयरोगाची लक्षणं असू शकतात आणि थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. खूप तहान लागणं आणि वारंवार लघवीला जाणं हे मधुमेहात दिसतं. भरपूर भूक लागूनही वजन उतरणं, हात थरथरणं, छातीत धडधड हे थायरॉइडचं काम वाढल्यावर दिसतं. मुलींची पाळी बंद होणं, सतत जुलाब होणं, शौचातून रक्त जाणं याही दुर्लक्ष करायच्या गोष्टी नाहीत.

ज्यांचा बीएमआय १६ च्याही खाली आहे किंवा जे बरेच दिवस जवळपास उपाशी होते, त्यांनी एकदम जास्त खायला सुरुवात करू नये. उपासमारीची सवय झालेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार झपाट्याने बदलतात आणि ते हृदयाला धोक्याचं ठरू शकतं. त्यांचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं लागतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही पुढचं गणित जसंच्या तसं उचलू नये.

प्रथिनं स्वस्त कुठे मिळतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पण ज्याला वजन वाढवायचंय, व्यायाम करून थोडा स्नायूही कमवायचाय आणि ज्याची बहुतेक प्रथिनं पोळी-भातातून येतात, त्याने किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास लक्ष्य ठेवलेलं बरं. आपल्या उदाहरणातल्या मुलाला म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम. त्याच्या सध्याच्या जेवणातून अंदाजे पंचेचाळीस ग्रॅम मिळतात. कमी पडतात ते जवळपास वीस ग्रॅम. पाच-सहा हजारांची पावडर ज्या खड्ड्यासाठी घेतली जाते तो खड्डा एवढाच असतो.

आता हे वीस ग्रॅम कशातून आणायचे? किराणा दुकानातल्या साधारण भावांनी, दहा ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात ते पाहू. भाव गावोगावी बदलतात, म्हणून आपल्या दुकानातला आकडा घालून पाहावा.

- सोयाबीनच्या वड्या: वीस ग्रॅम, सुमारे ३ रुपये
- शेंगदाणे: चाळीस ग्रॅम, सुमारे ६ रुपये
- फुटाणे किंवा तूरडाळ: पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम, सुमारे ६ रुपये
- दूध: तीनशे मिलीलीटर, सुमारे १८ रुपये
- पनीर: पंचावन्न ग्रॅम, वीस रुपयांच्या वर
- बदाम: जवळपास पन्नास ग्रॅम, चाळीस रुपयांच्या घरात

यादी पाहिली की बदामाबद्दलचा आपला आदर थोडा कमी व्हायला हरकत नाही. रात्री पाच बदाम भिजवून सकाळी सोलून खाणं ही अनेक घरांतली निष्ठेने पाळली जाणारी गोष्ट आहे, पण पाच बदामांतून मिळतं ते जेमतेम एक-दीड ग्रॅम प्रथिन. त्याच पैशात मूठभर शेंगदाणे येतात.

सोयाबीनच्या वड्या सगळ्यात स्वस्त दिसतात, मग रोज वाटीभर वड्याच का खाऊ नयेत? कारण तेल काढून घेतलेल्या सोयाबीनपासून त्या बनतात. त्यात प्रथिनं निम्म्याहून थोडी जास्तच असतात, पण स्निग्धांश जवळपास नसतो, आणि भिजल्यावर त्या फुगून पोट गच्च भरतात. वजन कमी करणाऱ्याला हे सोयीचं आहे. भूक कमी असलेल्या किडकिडीत माणसाची मात्र त्याने पंचाईत होते. वड्या खाऊन झाल्या की पोळी जात नाही. त्यामुळे दिवसाला कोरड्या वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, एवढ्याच वड्या पुरे. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायच्या, घट्ट पिळायच्या, पुन्हा एकदा गार पाण्याने धुऊन पिळायच्या आणि मेसच्या रस्साभाजीत टाकायच्या. पिळलेलं पाणी फेकून दिलं की त्यांचा तो खास वासही बराच जातो. खोलीत फक्त पाणी गरम करायची किटली असली तरी हे जमतं.

मोड आलेल्या मटकी-मुगाचंही तेच. मोड पौष्टिक असतात यात शंका नाही, पण त्यांच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. सकाळी मोठं वाडगं भरून मोड आणि काकडी-टोमॅटो खाणारा माणूस नकळत वजन कमी करण्याचाच नाश्ता करत असतो. समाजमाध्यमांवरचे 'हेल्दी' पदार्थ बहुतेक वेळा जाड माणसाला डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेले असतात, हे किडकिडीत माणसाने कायम लक्षात ठेवावं.

शेंगदाण्यात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात. शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशेहून जास्त कॅलरी. पोळी-भातासोबत डाळ, शेंगदाणे आणि दूध-दही दिवसभरात आलटून पालटून पोटात गेलं की धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीने आणि दुधाने भरून निघतं. दोन्ही एकाच घासात असायला हवेत असंही नाही.

तीस रुपयांत काय काय बसतं?

आता परत सदाशिव पेठेतल्या खोलीत. मेस तीच, जेवण तेच. त्यावर रोज चार गोष्टी वाढवायच्या.

पहिली, पन्नास ग्रॅम शेंगदाणे. भाजलेले घ्यावेत किंवा कच्चे रात्री भिजवून सकाळी खावेत. त्यातून सुमारे २८५ कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. किलोचा भाव दीडशे धरला तर खर्च आठ रुपये. पाकिटातले खारे शेंगदाणे टाळलेले बरे, त्यांचे पैसेही जास्त आणि मीठही जास्त.

दुसरी, पाव लीटर गायीचं दूध. १६० कॅलरी, आठ ग्रॅम प्रथिनं, खर्च पंधरा रुपयांच्या आसपास. तिसरी, एक केळं. शंभर कॅलरी, पाच रुपये. केळं आणि दूध एकत्र घ्यावं की नाही यावरून घराघरांत वाद असतात. ज्याला पटत नाही त्याने दोन तासांच्या अंतराने घ्यावं, हिशेब तोच राहतो.

चौथी, दोन्ही जेवणांत एकेक चहाचा चमचा कच्चं शेंगदाणा तेल. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, तिळाची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी घ्यायची आणि त्यावर तेल घालून पोळीशी खायचं. एका चमच्याला चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, खर्च रुपयाच्या आत-बाहेर. कोरड्या चटणीवर तेल घालून खायची आपली जुनी पद्धत चवीसाठी असली, तरी वजन वाढवायला तिच्याहून सोपी युक्ती सापडणं कठीण. ज्यांना परवडतं त्यांनी तेलाऐवजी तूप घ्यावं, कॅलरीत फरक नाही. मात्र तुपात किंवा तेलात प्रथिनं नसतात. नुसत्या तुपावर भर दिला तर वजन वाढेल, पण शरीर भरणार नाही.

चारही मिळून सुमारे ६३० कॅलरी आणि एकवीस ग्रॅम प्रथिनं वाढली. खर्च तीस रुपये, महिन्याला नऊशे.

दूध परवडत नसेल किंवा पचत नसेल तर हिशेब आणखी खाली आणता येतो. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, चाळीस ग्रॅम फुटाणे किंवा तेवढंच सातूचं पीठ आणि वीस ग्रॅम गूळ. यातून पाचशे कॅलरी आणि वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि खर्च येतो चौदा-पंधरा रुपये. सातूचं पीठ गूळ घालून पाण्यात कालवलं की पिताही येतं. पातळ करून प्यायलेलं चावून खाल्लेल्यापेक्षा लवकर पचल्यासारखं वाटतं आणि पुढच्या जेवणाची भूक कमी मोडते, म्हणून भूक कमी असणाऱ्यांसाठी हे विशेष उपयोगी. फक्त दूध पूर्ण बंद असेल तर बी १२ जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवावं लागतं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधा-दह्यातूनच मिळतं. सतत थकवा, हातापायांना मुंग्या, तोंड येणं असं होत असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

घरी स्वयंपाकघर आणि मिक्सर हाताशी असेल तर दाण्याचे लाडू हा सगळ्यात निवांत मार्ग. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साली पाखडून काढायच्या, दीडशे ग्रॅम किसलेला गूळ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचं. दाण्याला तेल सुटलं की मिश्रण आपोआप वळतं, तूप लागत नाही. याचे सोळा लाडू होतात. प्रत्येकात सव्वाशे कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिनं, किंमत तीन रुपये. डब्यात दहा-बारा दिवस टिकतात. गावाहून परत येताना आईने दिलेला हा डबा पहिल्या दोन दिवसांत रूमवर वाटून संपतो, हा त्यातला एकच धोका.

कधी खायचं हेही महत्त्वाचं

वर वाढवलेल्या गोष्टी जेवणाच्या आधी खाल्ल्या तर जेवण कमी जातं आणि सगळा खटाटोप वाया जातो. शरीर ही चोरटी भरपाई नेहमी करतं. ६३० कॅलरी वाढवल्या तरी दिवसभरातलं बाकीचं खाणं नकळत थोडं घटतं आणि प्रत्यक्षात चारशेच वाढतात. म्हणून शेंगदाणे सकाळी उठल्यावर तासाभरात, जेव्हा एरवी फक्त चहा असतो. केळं दुपारी चार-पाचला. दूध रात्री झोपताना, जेवणानंतर तास-दोन तासांनी. तेल-चटणी जेवणातच.

चहा पूर्ण सोडायची गरज नाही, पण जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नको. रिकाम्या पोटी घेतलेला गोड चहा भूक मारतो. शिवाय डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह चहामुळे अंगाला कमी लागतं. शाकाहारी माणसात, विशेषतः मुलींत, लोह कमी असणं खूप आढळतं आणि लोह कमी झालं की भूकही मंदावते. याउलट आमटीवर लिंबू पिळलं की तेच लोह जास्त शोषलं जातं. पाणी जेवताना घोटभर, बाकी नंतर.

मेसमध्ये आणखी एक फुकटची गोष्ट आहे. पातेल्यातलं वरचं वरण आणि तळाचं वरण यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वरच्या वाटीत हळदीचं पाणी, खालच्या वाटीत डाळ. "काकू, जरा खालून द्या ना" एवढं म्हणायला लाजू नये.

घरात राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी असते. अनेक घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते आणि तोवर पातेल्यात डाळ उरलेली नसते. भाकरी आणि भाजीचा रस्सा एवढंच तिच्या वाट्याला येतं. त्यात आठवड्याला दोन उपवास असतील तर आणखी पंचाईत. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं. खिचडीत जे काही प्रथिन असतं ते दाण्याच्या कुटातून आणि सोबतच्या दह्यातून येतं, म्हणून उपवासाच्या दिवशी कूट सढळ हाताने घालावं. आणि डाळीची एक वाटी वाढायच्या आधीच बाजूला काढून ठेवणं, हे कुठल्याही लाडवापेक्षा जास्त काम करतं.

वजन कधी आणि कसं मोजायचं?

आठवड्यातून एकदाच. ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं राहिलं तर पाण्यामुळे आणि पोटातल्या अन्नामुळे होणारे अर्धा-एक किलोचे चढउतार दिसतात आणि डोकं फिरतं. पहिल्या आठवड्यात एकदम किलोभर वाढलं तर तेही बहुतेक पाणी आणि पोटातलं अन्नच असतं.

कागदावर एक किलो वजन वाढायला सात-साडेसात हजार जास्तीच्या कॅलरी लागतात. आपल्या मुलाला प्रत्यक्षात रोज चारशे जास्त मिळत असतील तर महिन्याला बारा हजार होतात, म्हणजे कागदावर दीड किलोच्या आसपास. खऱ्या आयुष्यात एक ते दीड किलो. म्हणजे ४८ वरून ५२ वर जायला तीन ते चार महिने. 'महिन्यात दहा किलो' म्हणणाऱ्या जाहिराती याच आकड्यांपुढे उघड्या पडतात.

सुरुवातही टप्प्याने करावी. पहिल्या आठवड्यात पंचवीस ग्रॅम शेंगदाणे आणि केळं, दुसऱ्यात दूध, तिसऱ्यात पूर्ण पन्नास ग्रॅम. पहिल्याच दिवशी सगळं सुरू केलं तर पोट फुगतं, गॅस होतो, आणि "मला काही पचतच नाही" असं ठरवून माणूस सोडून देतो. दुधानेच दर वेळी पोटात गुरगुर किंवा जुलाब होत असतील तर दुधातली साखर पचत नाही असं समजून दह्यावर यावं, ते बहुतेकांना चालतं. फुटाणे-शेंगदाणे वाढवल्यावर शौचाला कडक होत असेल तर दिवसभरातलं पाणी वाढवावं.

शेंगदाण्यांची खरेदी डोळे उघडे ठेवून करावी. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे दाणे सरळ फेकावेत. कडू किंवा खवट लागलेला दाणा गिळू नये, थुंकावा. दमट जागी साठवलेल्या दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. स्वस्त मिळतात म्हणून पाच किलोचं पोतं आणून पावसाळ्यात खोलीत ठेवण्यापेक्षा अर्धा अर्धा किलो घ्यावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. शेंगदाण्याने अंगावर पित्त उठतं किंवा घशाला खाज येते त्यांनी अर्थातच त्यांच्या वाट्याला जाऊ नये. फुटाणे, तीळ, दूध त्यांच्यासाठी आहेत.

तीन आठवडे सगळं नियमित करूनही काटा हलला नाही तर दोनच शक्यता. एक तर ठरवलेलं खरंच पोटात जात नाही, किंवा खर्च अंदाजापेक्षा जास्त आहे. परत तीन दिवसांची वही काढावी. परीक्षा जवळ आली की संध्याकाळचं केळं आणि रात्रीचं दूध पहिल्यांदा सुटतं, हे वहीत लगेच दिसतं. वही बरोबर असेल तर एक लाडू किंवा पंचवीस ग्रॅम शेंगदाणे आणखी वाढवायचे आणि पुन्हा तीन आठवडे पाहायचं. तरीही काही झालं नाही तर डॉक्टरांना दाखवणं योग्य.

वाढलेलं वजन जातं कुठे?

नुसतं खाल्लं आणि दिवसभर बसून राहिलं तर वाढलेल्या वजनातला बराच भाग चरबी असतो आणि ती पोटावर दिसते. बीएमआय १७ असलेल्या माणसाला थोडी चरबीही हवीच असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण स्नायू हवे असतील तर त्यांना काम द्यावं लागतं. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. जोर, बैठका आणि पुस्तकं भरलेली सॅक दोन्ही हातांनी उचलणं, आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. दर आठवड्याला दोन-चार जोर वाढले पाहिजेत किंवा सॅकेत एक पुस्तक. तोच व्यायाम तेवढाच करत राहिलं तर स्नायूला वाढायचं काही कारण उरत नाही. वजन वाढेपर्यंत रोजचं लांब पळणं मात्र कमी ठेवावं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना ते शक्य नसतं, तेव्हा त्यांनी पळण्याच्या दिवशी दोन लाडू जास्त धरावेत.

पावडरींचं काय?

'वेट गेनर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांवरचा घटकांचा भाग वाचला तर पहिल्या ओळीत माल्टोडेक्स्ट्रिन दिसतं. हे स्टार्चपासून बनवलेलं, साखरेसारखं पटकन पचणारं कर्बोदक. म्हणजे डब्यातला मोठा वाटा जवळपास साखर-पिठाच्या जातीचा, आणि भाव मात्र प्रथिनांचा. त्याने वजन वाढतं, पण तेच काम गूळ आणि केळं कितीतरी कमी पैशात करतात.

खरी भीती वेगळ्या पावडरींची आहे. घटक न छापलेल्या, 'शंभर टक्के आयुर्वेदिक' असं लिहिलेल्या, ओळखीतून किंवा मेसेजवर विकल्या जाणाऱ्या काही पुड्या-डब्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. त्याने दोन-तीन आठवड्यांत भूक भडकते, गाल फुगतात, चेहरा गोल होतो आणि लोकांना वाटतं, लागू पडलं. हातपाय मात्र काडीसारखेच राहतात, आणि ओळखायची खूण हीच. सोबत रक्तदाब आणि साखर वाढू शकते. भूक वाढवणाऱ्या काही गोळ्या मुळात ॲलर्जीवरच्या असतात. त्यांनी दिवसभर झापड येते आणि गोळी बंद झाली की भूक परत पहिल्यासारखी होते. असं काही बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तो त्यांना दाखवा.

आपला मुलगा चार महिन्यांनी ५२ वर पोचला, तर पुढे काय? वाढलेल्या शरीराचा रोजचा खर्चही थोडा वाढलेला असतो. शेंगदाणे-दूध सगळं एका दिवसात बंद केलं तर वजन हळूहळू परत उतरतं. त्यामुळे साधारण निम्मं चालू ठेवायचं, म्हणजे पंचवीस ग्रॅम दाणे, दूध आणि चटणीवरचं तेल, आणि आठवड्याचं वजन महिन्यातून एकदा करायचं. दोन महिने काटा ५२ च्या आसपास राहिला की त्याला त्याचं नेमकं प्रमाण सापडलं.